पगार अठरा हजार, त्वरित भेटा

दसरा जवळ आला की शहरातल्या मोठ्या बाजारपेठेत दुकानांच्या काचांवर कागद दिसू लागतात. कागद बहुधा घाईने लिहिलेला असतो, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेली असते, आणि वर ठळक अक्षरांत एकच शब्द असतो: ‘पाहिजेत’. दिवाळीच्या गर्दीसाठी काउंटरवर उभे राहणारे, तागे उलगडून दाखवणारे, घड्या घालणारे, गल्ल्यावर बिले फाडणारे हात दुकानाला हवे असतात, तेही चार आठवड्यांपुरते. आपल्यासारख्या घरांतली कॉलेजात जाणारी मुले-मुली, आणि अलीकडे घरातल्या गृहिणीसुद्धा, हा कागद वाचून आत शिरतात. कागदावरचा मजकूर मिनिटभरात वाचून होतो. पण त्या मिनिटात जे वाचायचे राहून जाते, त्याचा हिशेब दिवाळी संपल्यावर होतो.

अशाच एका हिशेबाची ही हकीकत आहे. ती २०२५ सालच्या दिवाळीतली आहे.

आमच्या शेजारच्या वहिनींची धाकटी मुलगी बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. संध्याकाळच्या संगणक-वर्गाचा दुसरा हप्ता सोळा हजारांचा होता, आणि तो ३१ ऑक्टोबरपर्यंत भरावयाचा होता. पहिला हप्ता वडिलांनी भरला होता. दुसरा आपण भरू, असे तिने आपण होऊन घरी सांगितले. मुलीने असे म्हणावे यात आईबापांना जो संकोच आणि जो आनंद वाटतो, तो दोन्ही वहिनींच्या चेहऱ्यावर मी पाहिला होता. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या काचेवरचा कागद तिने मोबाईलवर टिपून आणला होता. त्यातला मजकूर असा होता:

‘दिवाळीनिमित्त सेल्समन व सेल्सगर्ल पाहिजेत. पगार १८,००० रुपये. वेळ सकाळी १० ते रात्री ९. त्वरित भेटा.’

मुलगी लगेच भेटली. मालकांनी दोन प्रश्न विचारले आणि ‘उद्यापासून या’ म्हणाले. शुक्रवार, २६ सप्टेंबरला ती कामावर गेली आणि मंगळवार, २१ ऑक्टोबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री, तिचे काम संपले. मधल्या दोन सोमवारी दुकान बंद होते. ते सोडले तर ती एकही दिवस चुकली नाही. सव्वीस दिवसांतले चोवीस दिवस तिने काम केले.

पैशांसाठी तिला ‘तुळशीचे लग्न झाले की या’ असे सांगण्यात आले. ती गेली तेव्हा हातात बारा हजार सहाशे रुपये पडले. तोवर हप्त्याची तारीख केव्हाच उलटून गेली होती. तो वहिनींनी आपल्या भाऊबीजेच्या आणि साठवणीच्या पैशांतून भरला होता. मुलीची समजूत अशी होती, की आपल्याला सोळा हजार सहाशेच्या आसपास मिळतील आणि आईचे पैसे परत करता येतील.

‘काका, मला फसवलं का हो?’ असे तिने मला विचारले तेव्हा मी तो फोटो आणि तिची वही दोन्ही मागून घेतली. वहीत तिने रोजचा येण्याजाण्याचा वेळ लिहून ठेवला होता. हे एक काम तिने फार शहाणपणाचे केले होते.

आता हा चार हजारांचा फरक आला कुठून ते पाहू. मुलीचा हिशेब सरळ होता. महिन्याचे तीस दिवस, त्यांत चार साप्ताहिक सुट्ट्या, म्हणजे कामाचे दिवस सव्वीस. अठरा हजारांना सव्वीसने भागले की दिवसाचे सुमारे सहाशे ब्याण्णव रुपये येतात. चोवीस दिवसांचे झाले सोळा हजार सहाशे पंधरा. दुकानाचा हिशेबही तितकाच सरळ होता, पण वेगळा होता. त्यांनी अठरा हजारांना तीसने भागले आणि दिवसाचे सहाशे धरले. मग ज्या दिवशी दुकान बंद होते ते दिवस ‘काम नाही’ म्हणून सोडले, आणि पहिले तीन दिवस ‘शिकण्याचे’ म्हणून वगळले. उरले एकवीस दिवस. एकवीस गुणिले सहाशे, बारा हजार सहाशे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तीसने भागायचे असेल तर त्या तीस दिवसांत सुट्टीचे दिवसही आले. मग त्या दिवसांचा पैसा द्यायला हवा. सुट्टीचा पैसा द्यायचा नसेल तर भागाकार सव्वीसने करायला हवा. सरकारच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांतही महिन्याच्या दरावरून रोजाचा दर काढताना सव्वीसनेच भागतात, ते याच कारणाने. दुकानाने भागाकार एका रीतीचा केला आणि वजाबाकी दुसऱ्या रीतीची. दोन्हीकडून कात्री मुलीच्याच पैशांना लागली. पण ‘पगार १८,०००’ एवढेच लिहिलेल्या कागदावर बोट ठेवून तिला काहीच सिद्ध करता येईना. त्या कागदावर महिना हा शब्दसुद्धा नव्हता.

जाहिरातीत पगाराचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण खरा प्रश्न तो कशाचा आकडा आहे, हा असतो. महिन्याचा, रोजाचा, तासाचा, की विक्रीवरच्या टक्क्यासकटचा? चार आठवड्यांच्या कामाला महिन्याचा आकडा लिहिणे हेच मुळात गैरसोयीचे, कारण हंगामी माणूस पुरा महिना क्वचितच भरतो आणि भागाकाराची वेळ हटकून येते. हंगामी नोकराला रोजाचा दर द्यावा, आणि तो रोज किती तासांचा हेही सोबत लिहावे. म्हणजे मग वाद घालायला काही उरत नाही.

टक्क्याचीही एक गंमत आहे. ‘पगार अधिक इन्सेंटिव्ह’ असे वाचले की मुले खूश होतात. परंतु कापडाच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला तिघे जण माल दाखवतात. साडी एकीने दाखवली, ब्लाऊजपीस दुसरीने काढून दिला, आणि बिल तिसऱ्याने केले, तर टक्का कोणाचा? बिलावर विकणाऱ्याचा क्रमांक पडत असेल तर टक्क्याला अर्थ आहे. तो पडत नसेल तर इन्सेंटिव्ह म्हणजे मालकांची मर्जी. शिवाय भाऊबीजेनंतर माल बदलायला येणारी गिऱ्हाइके असतात, त्यांची रक्कम विक्रीतून वजा होते का, हेही आधी विचारावे. ज्या इन्सेंटिव्हचा हिशेब आपल्याला आपल्या वहीत मांडता येत नाही, तो घरखर्चाच्या अंदाजात धरू नये.

आता वेळेकडे वळू. ‘सकाळी १० ते रात्री ९’ हे शब्द वाचायला स्वच्छ वाटतात. पण ही वेळ दुकानाची आहे, नोकराची नव्हे. मुलीच्या वहीप्रमाणे रात्री नऊला शटर अर्धे खाली येत असे. आत असलेली गिऱ्हाइके संपेपर्यंत आणि दिवसभर विस्कटलेल्या मालाच्या घड्या घालून, गठ्ठे जागच्या जागी लावून, मोजदाद होईपर्यंत पावणेदहा वाजत. दुपारची एक तास जेवणाची सुट्टी वजा केली तरी कामाचे पावणेअकरा तास झाले. चोवीस दिवसांचे मिळून दोनशे अठ्ठावन्न तास. बारा हजार सहाशेला दोनशे अठ्ठावन्नने भागले तर तासाला एकोणपन्नास रुपयेही पडत नाहीत. जाहिरातीवरून तिने मनाशी धरलेला दर मात्र दहा तासांच्या दिवसाला सहाशे ब्याण्णव, म्हणजे तासाला एकोणसत्तर रुपयांचा होता.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामाचे दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले होते. २०२५ साली दुरुस्ती होऊन दिवसाची मर्यादा दहा तासांवर नेण्यात आली, परंतु आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तसेच राहिले. त्यावर जादा काम घेतले तर त्याचा दर दुप्पट. मोजकी माणसे असलेल्या लहान दुकानांना हा कायदा जसाच्या तसा लागत नाही, हे खरे. पण ज्या दुकानाला सणासाठी डझनभर जादा माणसे लागतात, त्याने आपण कुठल्या बाजूला पडतो हे जाहिरात लावण्यापूर्वीच पाहून ठेवावे. दहा तासांचे सहा दिवस म्हणजे साठ तास. ‘१० ते ९, आठवड्यात सहा दिवस’ असे लिहिणाऱ्या दुकानदाराने आपणच आपल्या काचेवर बारा जादा तासांची कबुली चिकटवलेली असते, आणि त्याच्या ते ध्यानातही नसते.

घरच्या माणसांच्या दृष्टीने रात्रीची वेळ आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. त्याच कायद्यात स्त्रियांच्या कामाची नेहमीची वेळ सकाळी सात ते रात्री साडेनऊ अशी धरली आहे. त्यापुढे थांबवावयाचे तर तिची संमती हवी आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची व्यवस्था दुकानाने करावयास हवी. वहिनी त्या चार आठवड्यांत रोज रात्री गॅलरीत उभ्या असत. मुलगी कधी दहाला येई, धनत्रयोदशीला सव्वाअकराला आली. दुकानातून किती वाजता सुटणार, हे कागदावर असते तर वडील रोज त्या वेळेला जाऊन उभे राहिले असते. गॅलरीत काढलेले ते तास कोणाच्याच हिशेबात आले नाहीत.

तिसरी गोष्ट तारखेची. ‘त्वरित भेटा’ यात तारीख नाही, नुसती घाई आहे. मुलगी २६ सप्टेंबरला दुकानात गेली. तिच्या मते ती त्याच दिवशी नोकरीवर रुजू झाली. दुकानाच्या मते ते तीन दिवस ती ‘बघत’ होती. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, ती एकटी ड्रेस मटेरियलच्या काउंटरवर उभी होती. माल कुठे ठेवला आहे, कोणत्या कपड्याचा पन्हा किती, दराची चिठ्ठी कशी वाचावी, हे शिकायला दोनतीन दिवस लागतातच. पण ते शिकणे दुकानाच्या कामासाठी आहे, ते घरी जाऊन उपयोगी पडणारे नाही. तेव्हा शिकण्याच्या दिवसांचाही रोज द्यावयास हवा. द्यावयाचा नसेल तर निदान तसे आधी लिहावे, म्हणजे ज्याला पटेल तो येईल.

काम केव्हा संपणार, ही तारीखही पहिल्या तारखेइतकीच मोलाची. पुष्कळ दुकानदार ‘लक्ष्मीपूजनापर्यंत’ असे तोंडी सांगतात. तिथी सांगून तारीख सांगितल्यासारखे आपल्याला वाटते, पण ते पुरत नाही. २०२४ साली देशात पुष्कळ ठिकाणी दिवाळी ३१ ऑक्टोबरला झाली आणि आपल्याकडे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. २०२५ साली पुन्हा तेच. इतरत्र २० ऑक्टोबर, आपल्याकडे २१. सलग दोन वर्षे ‘दिवाळी नक्की कधी?’ या प्रश्नावर घराघरांत चर्चा झाली. ज्या मुलाने २१ च्या सकाळच्या गाडीचे गावचे तिकीट काढून ठेवले, त्याचा त्या दिवशी खाडा पडला, आणि मालकांना वाटले की ऐन वेळी पोरगा पळाला. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते. तिथी पंचांगात असावी. कागदावर तारीख आणि वार असावा.

एवढे सगळे मांडून झाल्यावर मी आमच्या एका जुन्या स्नेह्यांकडे गेलो. त्यांचे दुकान वेगळे आहे, पण कापडाचेच आहे, आणि वडिलांपासून चालत आलेले आहे. त्यांना मी मुलीची वही दाखवली. एका बाजूची कैफियत ऐकून निकाल द्यावा असे मला वाटत नव्हते.

शेठ वही वाचून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘साहेब, हिशेब चुकीचा झालाय हे खरं. पण आमचंही ऐका. मी बारा माणसं घेतो. दसऱ्याला दहा उरतात. धनत्रयोदशीला सकाळी सात येतात. कोणाला ताप, कोणाची परीक्षा, कोणाला शेजारच्या दुकानात पन्नास रुपये जास्त. ज्या दिवसासाठी माणसं घेतली त्याच दिवशी माणसं नाहीत. म्हणून आम्ही पैसे शेवटी देतो. हातात पैसे पडले की दुसऱ्या दिवशी पोरगं येत नाही.’

‘मग ते पैसे अडवून ठेवण्याऐवजी,’ मी म्हणालो, ‘शेवटपर्यंत राहणाऱ्याला वेगळं बक्षीस का देत नाही? कष्टाचा रोज आठवड्याच्या आठवड्याला द्या. जो शेवटच्या दिवसापर्यंत टिकला त्याला वर ठरलेली रक्कम द्या. जो गेला त्याचं बक्षीस जाईल, मजुरी जाणार नाही.’

शेठांनी मान डोलावली, पण लगेच दुसरी अडचण काढली. ‘आठ तासांनी माझं भागणार कसं? दुकान तर अकरा तास उघडं.’

यावर आम्ही त्यांच्या बिलांच्या नोंदी काढून बसलो. सकाळी दहा ते साडेबारा त्यांच्या दुकानात बिले थोडी होत असत. गर्दी दुपारी चारनंतर उसळे. म्हणजे बाराच्या बारा माणसे सकाळी दहाला उभी करून ते अडीच तासांचा थकवा फुकट विकत घेत होते, आणि रात्री आठला, खऱ्या गर्दीच्या वेळी, त्यांच्यासमोर दमलेली माणसे होती. दोन पाळ्या केल्या तर प्रत्येकाचे आठ तास होतात आणि दुपारी साडेबारा ते सात सगळी माणसे एकत्र मिळतात. रात्री सातनंतर पहिली पाळी घरी जाते तेव्हा माणसे कमी पडतील, ही शेठांची शंका रास्त होती. म्हणून त्यांनी पाळ्यांत माणसे निम्मी-निम्मी न वाटता सकाळी चार आणि दुपारी आठ अशी वाटायचे ठरवले. खर्च तासामागे पूर्वीपेक्षा वाढतो, हे मी त्यांच्यापासून लपवले नाही.

मग आम्ही एक खेळ केला. २०२५ च्या त्याच दिवाळीसाठी, त्याच तारखांना, तो चार वाक्यांचा कागद कसा लिहिला गेला असता तर भांडण झाले नसते, ते लिहून पाहिले. तो असा झाला:

‘दिवाळी हंगामासाठी तात्पुरते विक्रेते पाहिजेत. जागा १२, स्त्रिया व पुरुष.

कामाचा काळ: शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५ पासून मंगळवार, २१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत, दोन्ही दिवस धरून. काम शिकण्याचे पहिले दिवसही याच काळात व पूर्ण पगारी. ही नोकरी २१ ऑक्टोबरला आपोआप संपेल.

वेळ: पहिली पाळी सकाळी १० ते सायंकाळी ७, दुसरी पाळी दुपारी १२.३० ते रात्री ९.३०. जेवणाची सुट्टी एक तास. कामाचे तास आठ. शटर खाली आल्यानंतरचे आवरणे या वेळेतच धरले आहे.

सुट्टी: सोमवार, २९ सप्टेंबर व ६ ऑक्टोबर. सोमवार, १३ ऑक्टोबरला दुकान उघडे राहील, त्याबद्दल १४ ते १६ या तारखांत एक दिवस आळीपाळीने सुट्टी.

पगार: आठ तासांच्या दिवसाला ७२० रुपये. सुट्टीच्या दिवसाचा वेगळा पैसा नाही. जादा तासाला १८० रुपये. गुरुवार, २ ऑक्टोबर आणि सोमवार, २० ऑक्टोबर या दोन दिवसांना दुप्पट रोज.

पगाराचा दिवस: रविवारपर्यंतचा पगार पुढच्या मंगळवारी, बँक खात्यात. शेवटचा पगार २३ ऑक्टोबरपर्यंत. २१ ऑक्टोबरपर्यंत काम पूर्ण करणाऱ्यास १,५०० रुपये वेगळे बक्षीस.

भेटण्याची वेळ: १५ ते २० सप्टेंबर, सकाळी ११ ते १. अर्जासाठी पैसे घेतले जात नाहीत.’

यातल्या दोन दुप्पट दिवसांचा खुलासा करतो. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला होता, आणि २ ऑक्टोबर हा गांधी जयंतीचा दिवस कायद्याने पगारी सुट्टीचा आहे. त्या दिवशी दुकान उघडे ठेवायचे तर काम करणाऱ्याला त्याचा मोबदला हवा. २० ऑक्टोबर ही नरकचतुर्दशी, शिवाय सोमवार म्हणजे दुकानाचा ठरलेला सुट्टीचा वार, आणि लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी असल्यामुळे बदली सुट्टी द्यायला पुढे जागा नव्हती. अभ्यंगस्नान आणि फराळ टाकून जो येणार, त्याला दुप्पट रोज द्यावा हे शेठांना लगेच पटले. सातशेवीस हा आकडा आम्ही आठाने भाग जावा म्हणून धरला. तासाला नव्वद, आणि जादा तासाला त्याची दुप्पट एकशेऐंशी. ज्याला हा कागद नमुना म्हणून वापरायचा असेल, त्याने आपल्या शहराच्या वर्गवारीचे त्या वेळचे किमान वेतन पाहून मग आकडा घालावा. त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत व जुलैत, बदलतो. म्हणून गेल्या दिवाळीचा कागद जपून ठेवून तोच पुन्हा चिकटवणे धोक्याचे आहे.

आता या कागदावरून वहिनींच्या मुलीचा हिशेब करून पाहा. एकूण दिवस सव्वीस. दोन सोमवार आणि एक बदली सुट्टी गेली, कामाचे दिवस राहिले तेवीस. तेवीस गुणिले सातशेवीस, सोळा हजार पाचशेसाठ. दोन दुप्पट दिवसांचे जादा चौदाशेचाळीस. बेरीज केली आणि शेठ आणि मी एकमेकांकडे पाहतच राहिलो. बेरीज बरोबर अठरा हजार झाली होती. आम्ही ती तशी जुळवून आणली नव्हती. जो आकडा त्या दुसऱ्या दुकानाने काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिला होता, तोच आकडा आठ तासांच्या कामावर, सुट्ट्या देऊन, खरोखर देता येत होता. वर दीड हजारांचे बक्षीस निराळेच.

शेठ जरा वेळाने म्हणाले, ‘पण एवढा मोठा कागद वाचणार कोण?’

त्यांची शंका खोटी नव्हती. कागद चार ओळींवरून वीस ओळींवर गेला होता. परंतु हा कागद येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी नाही. ज्याला चार आठवडे आपले दिवस गहाण टाकायचे आहेत, तो वीस ओळी वाचतो. आणि जो वीस ओळी वाचून आत येतो, त्याला वेळ, पैसा आणि शेवटची तारीख ठाऊक असते. तो दसऱ्याला तोंड फिरवून जाण्याचा संभव कमी असतो. शेठांनी त्या कागदाच्या दोन प्रती करायचे ठरवले, एक काचेवर लावायला आणि दुसरी येणाऱ्याच्या सहीनिशी त्याच्याच हातात द्यायला. ही दुसरी प्रत मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटली. काचेवरचा कागद दिवाळीनंतर खरवडून टाकतात. आमच्या मुलीजवळ तो मोबाईलवरचा फोटो नसता, तर एवढेही बोलायला आधार राहिला नसता.

राहिला तिचा प्रश्न, ‘मला फसवलं का?’

मी तिला म्हटले, ‘अगं, हिशेब चुकीचा केला हे नक्की. फसवायचं म्हणून केला की तशीच रीत पडली म्हणून केला, ते मला सांगता येत नाही. पण ही वही घेऊन तू पुन्हा एकदा जा. भांडायला नको, हिशेब समजून घ्यायला जा. तीसनं भागलंत तर सुट्टीचे दोन दिवस का कापले, आणि रविवारी मी एकटी काउंटरवर असताना तो दिवस शिकण्याचा कसा, एवढे दोनच प्रश्न विचार.’

ती वडिलांना बरोबर घेऊन गेली. जादा तासांचा विषय मालकांनी काढूच दिला नाही. पण वहीतले रोजचे वेळ पाहिल्यावर त्या तीन दिवसांचे अठराशे रुपये त्यांनी दिले. उरलेले आले नाहीत. वहिनींनी ते अठराशे घेतले नाहीत, मुलीला परत दिले. मुलीने त्यातून आईला साडी आणली. ती त्या दुकानातली नव्हती, एवढे वहिनींनी मला मुद्दाम सांगितले.

यंदा भाद्रपदात ती पुन्हा असाच एका काचेवरचा फोटो घेऊन आमच्याकडे आली. या खेपेला तिने मला काही विचारले नाही. कागद समोर ठेवला, वहीचे कोरे पान उघडले आणि त्यावर तीन ओळी लिहिल्या. सुटायचे किती वाजता, रोज किती तासांचा, पहिली आणि शेवटची तारीख कोणती. तिन्हींपुढे जागा कोरी होती.

‘काका, हे विचारून येते,’ ती म्हणाली, ‘आणि मग सांगते जाणार की नाही ते.’